वीस फोटो

सुतारकाकांची बायको फोटोला उभं केलं की तोंड फिरवायची. ती गेल्यावर काकांनी कपाट उपसून तिचे कसेबसे वीस फोटो जमवले आणि फोटोंवरून कार्टून काढून देणाऱ्या एका ॲपला दिले. कार्टून हवं तर चेहरा सगळ्या बाजूंनी हवा, अशी त्याची अटच होती. ‘फोटोतली व्यक्ती मीच आहे’ यावरही काकांनी बेधडक बोट ठेवलं. कार्टून आलं ते नाकीडोळी नीटस, पण भलत्याच बाईचं.

मुलगी उखडली. “बाबा, अटी वाचल्यात का? आईचा चेहरा वापरून ते कंपनीवाले आपल्या यंत्राला शिकवणार!”

“अगं, ॲप काढून टाकलं की मी.”

“फोनमधून गेलं. फोटो त्यांच्याकडेच आहेत!”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो पुसा, म्हणून त्यांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, “आपल्या गोपनीयतेसाठी फोटोतल्या व्यक्तीने स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन डोळ्यांची उघडझाप करावी.”

काकांनी एका बोटाने टाइप केलं, “ती वारली आहे. येणार असती तर तुमच्या दारात कोण आलं असतं?”

लगेच उत्तर आलं, “धन्यवाद. त्या उपलब्ध होईपर्यंत फोटो आमच्याकडे सुरक्षित आहेत.”