प्रूफ तपासून सही करावी

माझ्या भाच्याने, रोहितने, पुण्याहून लिहून पाठवलेलं पत्र मी वाचलं आणि सरळ फाडलं. नोकरीच्या अर्जाला जोडायचं पत्र होतं. नऊ वर्षं मी जे केलं, ते त्याने 'विविध ठिकाणी विविध कामे' एवढ्यात गुंडाळलं होतं. जणू काही लपवायचंच आहे.

फोनवर म्हणाला, "मावशी, लग्नपत्रिका वगैरे लिहू नकोस. हसतील."

"हसू देत. पंचवटीतली निम्मी लग्नं माझ्या कॉम्प्युटरवरून निघालीत."

मी डीटीपी करते. म्हणजे लोक कागदावर खरडून आणतात, मी ते कॉम्प्युटरवर नीट बसवून देते आणि मग ते छापखान्यात जातं. दुकान नाही. आमच्या घराची पुढची खोली हेच दुकान. नोकरी हवी होती ती या खोलीपायी. घास हातात घेतला की दारात कोणीतरी उभं: "साधनाताई, फक्त पाच मिनिटं." पाच मिनिटांत आजवर कोणाचं काही झालेलं नाही. माझी वैष्णवी दहावीला, आणि पोरगी अभ्यासाला बसते मोरीच्या दाराशी, कारण पुढच्या खोलीत वरपक्ष आणि वधूपक्ष कोणाचं नाव वर छापायचं यावर भांडत असतात. मला माझं दार लावून घ्यायचं होतं. बास.

जाहिरात पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यात कंपनीची होती. पेट्यांची लेबलं आणि कागदपत्रं करायला पूर्णवेळ माणूस हवा. मी मराठीतच पत्र लिहिलं, आणि काहीएक लपवलं नाही.

'माझी गिऱ्हाइके अनेक आहेत, पण काम एकच आहे: छापण्याआधी चूक पकडणे. लग्नपत्रिकांत मी नावे आणि नाती सांभाळली. गणेश मंडळांच्या पावतीपुस्तकांत एकही क्रमांक पुढेमागे होऊ दिला नाही. आपल्या पेट्यांवर बागेचा नोंदणी क्रमांक छापताना हेच लागेल. शाळांच्या निकालपत्रकांनी ठरल्या दिवशी काम देण्याची सवय लावली. खतांच्या दुकानांसाठी मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर बसवला. ही सगळी माणसे दरवर्षी आपापल्या हंगामात माझ्याकडेच परत येतात. म्हणजे मी दहा ठिकाणी फिरलेली नसून नऊ वर्षे एकाच खुर्चीवर बसून आहे. ती खुर्ची आपल्याकडे आणण्याची माझी तयारी आहे. मात्र मला हंगामापुरते नव्हे, बारमाही काम हवे आहे.'

वाचून माझं मलाच बरं वाटलं. एक प्रत कुरिअरने पाठवली, एक जपून ठेवली.

आठवड्याने बोलावणं आलं. निमाणी बसस्टँडवरून एसटी पकडून गेले. कंपनीचे मालक गोरक्षशेठ स्वतःच टेबलामागे बसले होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, मागे खिडकीतून पॅकहाउसच्या बाया पेट्या भरताना दिसत होत्या. माझं पत्र त्यांच्या हातात होतं आणि ते हसत होते. रोहित आठवला, आणि माझं डोकं तिथेच तापलं.

"ताई, हे खाली काय लिहिलंय?" त्यांनी बोट ठेवलं.

बघितलं तर काय! पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं: 'प्रूफ तपासून सही करावी. नंतर चूक आढळल्यास आम्ही जबाबदार नाही.' गिऱ्हाइकांना तपासायला देते त्या कच्च्या प्रतीच्या, म्हणजे प्रूफच्याच फाईलमध्ये मी पत्र टाइप केलं होतं. ती ओळ तिथे कायमची बसलेली असते. रोज बघून बघून मला ती दिसेनाशी झाली होती. चूक पकडते म्हणून फुशारकी मारली त्याच कागदावर!

लाज वाटली. पण लाज वाटली की मला मान खाली घालता येत नाही, उलट आवाज चढतो.

"बरोबर आहे की," मी म्हटलं. "माझ्याकडे सहीशिवाय कागद पुढे जात नाही. गिऱ्हाइकाने समोर उभं राहून मोठ्याने वाचायचं, लाल पेनने दुरुस्ती करायची, मग सही. एक प्रत त्याला, एक मला. मनात वाचलं की माणूस स्वतःला हवं तेच वाचतो. आमच्या शेजारच्या नवसाबाईंनी मुलीची पत्रिका तशीच मनात वाचून सही केली. थोरल्या मामांचं नाव राहिलं. मामा मांडवात आलेच नाहीत. तेव्हापासून हा नियम."

शेठ हसायचे थांबले. "ते ठीक हाय. पण नऊ वर्षांत तुम्ही एका मालकाकडं टिकल्या नाय. उद्या लग्नसराई आली की इथनं पळणार. त्यापेक्षा असं करा, जानेवारी ते एप्रिल या. काम असंल तसं बोलवू. तुम्हाला बी मोकळीक."

म्हणजे आणखी एक गिऱ्हाईक. एवढा प्रवास करून मी माझ्याच पुढच्या खोलीत परत आले होते.

"शेठ, तुम्ही पत्र मनात वाचलंत," म्हणत मी पर्समधून माझी प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली, वर लाल पेन. "मोठ्याने वाचा."

"मी?"

"हो. उभं राहिलं नाही तरी चालेल."

मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवणार. दाखवला असता तरी मी ताठ मानेने गेले असते. पण गडी वाचायला लागला. आधी थट्टेने, शाळेतल्या मुलासारखा हेल काढून. 'दरवर्षी आपापल्या हंगामात माझ्याकडेच परत येतात' इथे हेल गेला. ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. 'बारमाही काम हवे आहे' इथे थांबून माझ्याकडे बघितलं.

"मंग ही परत येणारी माणसं? त्यांचं काय करणार?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. "दुसरीकडे पाठवणार. सगळ्यांना. तुम्ही बारमाही घेतलंत तर. हंगामापुरतं घ्यायचं असेल तर माझी माणसं तुमच्यापेक्षा जुनी आहेत, त्यांना सोडणार नाही."

शेठने लाल पेन उचललं. 'बारमाही'च्या वर लिहिलं, 'तीन महिने बघू.'

"बघू खोडा," मी म्हटलं. "बघू ही काही मुदत नव्हे. 'तीन महिन्यांनंतर कायम' लिहा."

"लय कडक हाय बाई तुम्ही." पण खोडलं. मग त्यांनी खाली लिहिलं, 'सीझनमध्ये रविवारी यावे लागेल.' मी पेन मागून घेतलं आणि पुढे लिहिलं, 'बदली सुट्टी मिळेल.' त्यांनी ते मोठ्याने वाचलं, न सांगता. दोन्ही प्रतींवर दुरुस्त्या केल्या आणि तळाशी, बारीक अक्षरांच्या शेजारी, सही ठोकली.

"आता तुमच्यात काय चूक निघाली तर?" त्यांनी विचारलं.

"खाली लिहिलंय," मी म्हटलं आणि माझी प्रत पर्समध्ये टाकली.

एक तारखेला कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तर वैष्णवीने पुढच्या खोलीभर पुस्तकं पसरली होती, कॉम्प्युटरच्या टेबलावर भूमितीची वही. आम्ही जेवायला बसलो आणि दार वाजलं.

"साधनाताई, फक्त पाच मिनिटं!"

आवाज ओळखीचा होता. दरवर्षीचा. सवयीने मी अर्धी उठलेही, खोटं कशाला सांगू.

वैष्णवीने विचारलं, "कडी काढू?"

"नको. उद्या त्यांना दुसऱ्याचा पत्ता देते. तू वरण घे."