आठ वाजताचं 'ठीक'

महनूर खामगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि तिचे अब्बा, वहाबभाई, बुलढाण्याजवळच्या धाड गावात एकटेच राहत. गाद्या भरण्याचा धंदा कधीच बंद झाला होता, पण घर सोडायला म्हातारा तयार नव्हता. हट्ट म्हणजे हट्ट, त्याला औषध नाही. ड्युटीच्या मधे तिने फोन करायचा, त्यांनी तो उचलायचा नाही, मग दिवसभर तिचा जीव टांगणीला. या रोजच्या प्रकाराने महनूर पार थकून गेली होती.

शेवटी तिने आपला जुना आयफोन त्यांना दिला आणि त्यातल्या शॉर्टकट्स नावाच्या ॲपमध्ये ठरल्या वेळी चालणारं एक ऑटोमेशन लावलं. रोज सकाळी आठला तिला मेसेज जाणार : 'मी ठीक आहे.' मात्र आपोआप नाही. तिने मुद्दाम 'रन आफ्टर कन्फर्मेशन' निवडलं होतं. आठ वाजले की स्क्रीनवर सूचना येणार, अब्बा त्या सूचनेवर बोट ठेवणार, 'रन' दाबणार, तेव्हाच मेसेज निघणार.

"तुम्ही दाबलं म्हंजे उठले, चष्मा लावला, फोन पाह्यला. तेवढंच मले पाह्यजे," ती म्हणाली.

"हाव, हाव," अब्बा म्हणाले.

पण अब्बांचे आठ कधी नवाला वाजायचे, कधी दहाला. एकदा बाजाराच्या दिवशी मेसेज आलाच नाही. महनूर सुटी टाकून आधी एसटी, मग जीप करत धाडला पोचली, तर अब्बा कांद्याच्या ढिगापाशी भाव करत उभे. ती खूप बोलली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्यानंतर पुन्हा. त्या शेवटच्या खेपेला मात्र ती आली तशी ओट्यावर बसली आणि चपला न काढता, भिंतीला टेकून झोपी गेली. अब्बा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

त्यानंतर मेसेज आठच्या ठोक्याला यायला लागले. ईदलासुद्धा, बाजाराच्या दिवशीसुद्धा. 'सुधरले अब्बा,' महनूर मनाशी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी तिला निवांत झोप लागली. ज्या माणसाने आपल्या निकाहच्या दिवशीसुद्धा वऱ्हाड ताटकळत ठेवलं, तो एकदम घड्याळाबरोबर कसा चालायला लागला, असा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण थकलेला माणूस चांगल्या बातमीची चौकशी करत नाही.

मग एका सकाळी आठला 'मी ठीक आहे' आलं, महनूर ते वाचून कामाला लागली, आणि दुपारी शेजारच्या आशाबाईंचा फोन आला.

"महनूर, लवकर ये माय. तुहे अब्बा न्हाणीपाशी घसरून पडले. उठताच येऊन नाही राह्यलं त्याहिले."

"कवा पडले?"

"पहाटी फजरच्या नमाजसाठी उठले तवाच, म्हणतात. मी आता ताक घेऊन गेली, तवा दिसले."

"पण आठ वाजता त्याहिचा मेसेज..." महनूर बोलता बोलता थांबली. फोन रोज रात्री खोलीत फळीवर चार्जिंगला असायचा, आणि अब्बा तर पहाटेपासून न्हाणीपाशी फरशीवर होते.

बुलढाण्याच्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. अब्बांचे ओठ सुकले होते, पण डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, चालतील. मग महनूरने त्यांचा फोन उघडला. ऑटोमेशनवर आता 'रन इमिजिएटली' होतं, आणि खालचं 'नोटिफाय व्हेन रन' बंद. फोन कुणाला न विचारता, आवाज न करता, रोज खुशाली कळवत होता.

"हे कोनं केलं?"

"मीच करून घेतलं, हर्षलच्या मोबाइलच्या दुकानातून," अब्बा हळूच म्हणाले. "तू ओट्यावर बसल्या बसल्या झोपली होती ना, त्या दिवशी. मले पाहवलं नाही बेटा. म्हटलं, माह्यापायी हिले काऊन पळवा?"

महनूरला संताप आला होता, तो कुठे ठेवावा हे कळेना. ती रडली. मग डोळे पुसून तिने सेटिंग पुन्हा पूर्वीसारखी केली.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी सकाळी ती पलंगाशी स्टुलावर बसली होती. आठ वाजले. उशीजवळ अब्बांचा फोन वाजला, सूचना आली. अब्बांनी सलाईनचा हात पाहिला, दुसऱ्या हाताने चष्मा चाचपला. 

"तूच दाब ना," ते म्हणाले. "इथंच तं बसली हायेस."

"नाही अब्बा. तुम्ही."

पहिल्यांदा बोट चुकलं. दुसऱ्यांदाही. महनूर हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. शेवटी तिच्या पर्समधला फोन वाजला. अब्बा समोर होते, तरीही तिने तो काढला आणि मेसेज पूर्ण वाचला.