तोंड उघडायची परवानगी

भरद्वाजाने नोकरी बदलायची ठरवली ती पगारासाठी नव्हे, हाडं शाबूत राहावीत म्हणून. तंजावूरच्या बाहेर, पट्टुकोट्टै रस्त्याला रत्नवेलची भातगिरणी आहे. तिथे तो मॅनेजर होता. उकडा तांदूळ, कच्चा तांदूळ, बॉयलर, ड्रायर, सगळा कारभार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. आणि त्याच्या डोक्यावर रत्नवेल!

रत्नवेल म्हणजे हात आधी आणि तोंड नंतर, असा माणूस. हमालाच्या कानशिलात भडकावणं हे त्याला खांद्यावरचा टॉवेल झटकण्याइतकं सहज. मागच्या साली इलेक्ट्रिशियन प्रवीणकुमारने दुसऱ्या गिरणीत अर्ज केला, आणि ते रत्नवेलला कळलं. त्या दिवशी प्रवीणकुमारचं मनगट मोडलं. सगळी गिरणी म्हणाली, यंत्राच्या पट्ट्यात अडकलं. प्रवीणकुमारही तेच म्हणाला आणि गावी निघून गेला. भरद्वाज त्या वेळी रत्नवेलच्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता. त्याने किंकाळी ऐकली होती. तोही म्हणाला, पट्ट्यात अडकलं.

म्हणून साईप्रियाचा पहिला फोन आला तेव्हा हा घरात असूनही खिडकी लावायला उठला. साईप्रिया चेन्नैच्या एका कंपनीत मोठ्या जागांसाठी माणसं शोधून देण्याचं काम करायची. मूळची ती राजवाड्यामागच्या गल्लीतली, आपल्याच मराठी घरातली. काकिनाड्याच्या एका तांदूळ निर्यात कंपनीला गिरणीप्रमुख हवा होता, आणि कुणीतरी याचं नाव सुचवलं होतं.

"अण्णा, इच्छा असली तरच पुढे बोलू," ती म्हणाली.

"इच्छा आहे गं. पण आमच्या मालकाला कळलं तर मी मेलो. खरंच मेलो, म्हणीतला नव्हे."

पोरगी मुरलेली होती. तिने एकेक गोष्ट पक्की केली. गिरणीच्या ईमेलवर काही यायचं नाही, गिरणीच्या फोनवर तर नाहीच. आधी कंपनीकडे नुसती कामाची माहिती जाईल. नाव नाही, गिरणीचं नाव नाही. कंपनीला माणूस पसंत पडला तरी याने हो म्हटल्याशिवाय नाव सांगायचं नाही. चौकशी करायची ती जुन्या ठिकाणी. रत्नवेलला विचारायचं ते ऑफर हातात पडून याने राजीनामा दिल्यावरच. ती स्वतःहून कधी फोन करणार नाही. 'सवड?' एवढाच निरोप टाकील, आणि भरद्वाज गिरणीबाहेर पडून फोन लावील. याच्या नंबरावरून दुसराच आवाज आला, तर ती याला ओळखतच नाही.

"आणि हे सगळं मी लिहून पाठवते," ती म्हणाली. "माझ्याकडून तुमचं नाव कुणापुढेही निघणार नाही, तुम्ही स्वतः सांगेपर्यंत."

तिने पाठवलंही. भरद्वाजाच्या बायकोने, हरिताने, ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ही पोरगी शहाणी आहे. आता तुम्ही शहाण्यासारखं वागा म्हणजे झालं."

इथेच तर घोडं पेंड खातं! आपल्या तंजावूरच्या मराठी लोकांना एक खोड आहे. चारचौघांत तमिळ बोलायचं, आणि गुपित काढायचं झालं की तिथल्या तिथे मराठीत शिरायचं. दुकानदारासमोर त्याच्या मालाला नावं ठेवायची, पाहुण्यासमोर पाहुण्याला. समोरचा बिचारा हसतमुखाने बघत बसतो. भरद्वाज तर या खोडीचा राजा. अकरा वर्षं तो रत्नवेलच्या तोंडावर हरिताशी फोनवर बोलत आला होता: "रेडा आज माजलाय, उशीर होईल." आणि रेडा समोर बसून सुपारी चघळायचा.

सोमवारी भर दुपारी 'सवड?' आला. गिरणीत नव्या भाताच्या लॉऱ्यांची रांग लागलेली. फाटकाबाहेर जायचं तर शंभर जण विचारणार, कुठे चालला. हा वजनकाट्याशी उभा होता, आणि चार हातांवर रत्नवेल एका ड्रायव्हरची गचांडी धरून त्याला गदागदा हलवत होता. भरद्वाजाने तिथूनच फोन लावला. असं हात दाखवून अवलक्षण करणाऱ्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा!

"अण्णा, बाहेर आहात ना?" साईप्रियाने पहिलं हेच विचारलं.

"मराठीत बोलतोय गं, इथं कुणाच्या बापाला कळतंय? बोल."

"कंपनीला तुम्ही पसंत आहात. नाव सांगू का? संध्याकाळपर्यंत हो की नाही हवं. मुलाखत रविवारी, तिरुचीला."

"सांग नाव. रविवारी तिरुचीला येतो. या रेड्याच्या दावणीतून सुटलो म्हणजे मिळवलं! समोरच उभा आहे मेला, डुरकतोय."

फोन खिशात गेला. रत्नवेलने ड्रायव्हरला सोडलं. टॉवेलने मान पुसली, आणि "मॅनेजर, आत या" म्हणून आपल्या खोलीकडे चालू लागला. भरद्वाज मागोमाग गेला. दार लागलं, कडी बसली.

"रविवारी तिरुचीस कोण भेटणार रे?" रत्नवेल म्हणाला.

मराठीत. आपल्या जुन्या गल्लीच्या मराठीत, आजीच्या तोंडी असायची तशी.

"माझी आई राजवाड्यामागच्या गल्लीत शेषम्मांच्या मराठी घरी भांडी घाशी," रत्नवेल सांगू लागला. "त्यांच्या परसात मी वाढलो. तुझी भाषा मी तुझ्याआधी बोललो असेन. अकरा वर्षं रेडा म्हणतोस. मी सोसलं. का, ठाऊक आहे? शेषम्मांच्या हातची कढी आठवायची. रेडा तर रेडा. पण दावण सोडून जाणार? माझं सगळं गिऱ्हाईक ठाऊक करून घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणार?"

पहिला ठोसा पोटात बसला. भरद्वाज वाकला तसा गुडघा तोंडावर आला. दात जिभेत रुतला, तोंड रक्ताने भरलं. "कोण कंपनी? नाव सांग!" केसाला धरून रत्नवेलने त्याचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. भरद्वाज भित्रा होता, पण मांजरही कोंडलं की नखं काढतं. त्याने डोकं वर हाणलं. रत्नवेलचं नाक कडकन वाजलं आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली. मग मात्र तो माणूस उरला नाही. लाथांनी त्याने भरद्वाजाला लोखंडी कपाटाशी नेऊन दाबलं, त्याच्या खिशातून फोन ओढला, त्याच्याच बोटाने उघडला आणि शेवटच्या नंबरावर लावला. आवाज मोठा केला.

"तू कोण? भरद्वाजला कुठे पाठवतेस? कंपनीचं नाव बोल!" तो तमिळमध्ये ओरडला.

पलीकडून साईप्रियाचा आवाज आला, थंड. "कोण बोलतंय? या नावाचं कुणी मला माहीत नाही."

"खोटं! आत्ता बोललीस तू!"

"मी कुणाबद्दल काही सांगत नसते."

"मग ऐक," रत्नवेल म्हणाला. त्याने भरद्वाजाचा उजवा हात कपाटाच्या चौकटीवर ठेवला आणि जाड दार अंगाचा भार देऊन लोटलं. हाडं सुपारीसारखी फुटली. भरद्वाज ओरडला तो आवाज ड्रायरच्या घरघरीवरून फाटकापर्यंत गेला. दार उघडून रत्नवेलने पुन्हा लोटलं.

साईप्रियाने फोन ठेवला नाही. ती बोललीही नाही. तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, तो भरद्वाजाने ऐकला. शेवटी रत्नवेलनेच फोन भिंतीवर फेकला.

दारी हमाल जमले होते. रत्नवेल नाकाला टॉवेल लावून बाहेर आला. "मॅनेजरचा हात पट्ट्यात सापडला," तो म्हणाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात भरद्वाजाचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. डॉक्टरने रीतसर पोलिसांना कळवलं होतं. सबइन्स्पेक्टर बाई खाटेशी उभ्या, आणि वॉर्डाच्या दारात रत्नवेलचा मेहुणा, फळांची पिशवी घेऊन! बाई यायच्या आधी तो खाटेशी येऊन गोड बोलून गेला होता. पट्टाच म्हणा. दवाखान्याचा खर्च मालक बघतील, आणि कुठे जायचं तिथे खुशाल जा, कुणी अडवणार नाही.

"गिरणीतले सगळे पट्टाच म्हणतात," बाई म्हणाल्या. "दुसरं काही असेल तर साक्षीदार लागेल. कुणी पाहिलं? कुणी ऐकलं?"

भरद्वाजाने दारातल्या मेहुण्याकडे पाहिलं. तेवढ्यात हरिताच्या हातातला भरद्वाजाचा फोन वाजला. काच तडकली होती, पण चालू होता. 'सवड?' एवढाच निरोप. एवढं होऊनही पोरगी ठरल्याप्रमाणेच वागत होती. हरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन लावून नवऱ्याच्या कानाशी धरला.

"अण्णा," साईप्रिया रडत होती. "मी सगळं ऐकलं. शब्द न् शब्द. मी तेव्हाच पोलिसांना फोन करणार होते, पण तुमचं नाव कुणापुढे काढणार नाही असं लिहून दिलं होतं. मी बसून राहिले. देवा, मी नुसती बसून राहिले!"

"तुझी चूक नाही. फाटकाबाहेर जायचं होतं, ते मी गेलो नाही."

तिने नाक ओढलं. "कंपनीला यातलं काही माहीत नाही. अपघात म्हणालात तर हात बरा होईस्तोवर ते लोक थांबतील. माणूस उशिरा आला तर चालेल का, एवढंच मी विचारलंय; दुपारी तुम्ही हो म्हणालात, पण नाव अजून दिलेलं नाही. पण मी साक्ष दिली तर पोलीस केस होईल, पेपरात येईल. मग ते काय म्हणतील, मी सांगू शकत नाही. खोटा धीर देणार नाही तुम्हाला. तुम्ही सांगाल तसं. तुम्ही म्हणालात तर जन्मभर गप्प राहीन."

भरद्वाजाने डोळे मिटले. काकिनाडा. समुद्राकाठची नवी गिरणी, नवी माणसं, कुणाचा हात कुणावर उठत नाही अशी जागा. ती अजून त्याची होती. फक्त पट्टा म्हणायचं. त्याने एकदा म्हटलं होतंच की, प्रवीणकुमारच्या वेळी. किती सोपं गेलं होतं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथे तर तोंड ज्याचं त्यानेच दाबलं होतं, आणि मार आळीपाळीने प्रत्येकाला बसत होता.

"काय ठरलं?" हरिताने मराठीत हळूच विचारलं. "हळू बोला, तो दारात उभा आहे."

"हळू नाही," भरद्वाज म्हणाला. तो डाव्या हातावर भार देऊन उठून बसला. फाटलेल्या जिभेने बोलताना हनुवटीवर रक्त आलं. तो तमिळमध्ये बोलला, मोठ्याने, बाईंना, शेजारच्या खाटांना आणि दारातल्या मेहुण्याला नीट कळेल असा.

"साईप्रिया, माझं नाव घे. मी नोकरी शोधत होतो हे सांग, आणि रत्नवेलने माझा हात कपाटात घालून मोडला हेही सांग. पोलिसांना सांग, कंपनीला सांग. प्रवीणकुमारचा हातही त्यानेच मोडला होता, मी दाराबाहेर होतो. ते मी सांगतो."

दारातल्या मेहुण्याने पिशवी खाली ठेवली आणि पळत सुटला. सबइन्स्पेक्टर बाईंनी खुर्ची ओढली आणि फोनसाठी हात पुढे केला.

"नाव सांगा," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

साईप्रियाने आपलं नाव सांगितलं, आणि मग भरद्वाजाचं.