जोडापाशी

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रोमीटर म्हणत. पाठीमागे म्हणत, पण ते त्यांच्या कानावर आलंच होतं आणि त्यांना ते बिरुद वाटलं होतं. पाइप बनवणाऱ्या कारखान्यात उभा जन्म तपासनीस म्हणून काढलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून मोजमाप सोडतो थोडंच. मशीनवरचे पाइप संपले, मग बायकोची पाळी आली. पडद्याची दुमड वाकडी, टोमॅटोची चकती जाड, उशीच्या अभ्र्याला सुरकुती. बायको सगळं ऐकून घ्यायची आणि टोमॅटो पातळ चिरायची. लोक म्हणायचे, काय शांत बाई आहे. ती शांत नव्हती, तिच्या मनात सगळं साठत होतं.

नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं घालून धोक्याचा हिशेब मांडला आणि म्हणाले, "तुम्ही दोघंही कुंपणावर आहात. गोळी सुरू करावीच असंही नाही आणि नकोच असंही नाही."

"म्हणजे तुमचं माप अपुरं आहे," मायक्रोमीटर म्हणाले.

डॉक्टर हसले. "अपुरंच आहे. म्हणून मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करून या. भिंतीची जाडी कळेल आणि आत प्लाक, म्हणजे चरबीचा थर, बसलाय का ते दिसेल. प्लाक दिसला तर गोळी सुरू करू. नुसत्या जाडीवरून मला फारसं ठरवता येत नाही."

या बोलण्यातला 'जाडी' एवढाच शब्द मायक्रोमीटरच्या कानात शिरला. घरी येईपर्यंत ते खुशीत होते. भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये, तीही दशांशाच्या पुढे. हा तर त्यांचाच प्रांत.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधूक उजेड होता आणि एसीमुळे पाय गार पडत होते. रेडिओलॉजिस्ट बाई तरुण होती, आवाज मऊ. "आधी कोण?"

"हिला घ्या," मायक्रोमीटर म्हणाले. "मला पद्धत बघू दे."

बायको आडवी झाली. सांगितलं तशी हनुवटी वर केली, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. गार जेल मानेवर पसरलं. बाईने हातातला प्रोब, म्हणजे मशीनचा दांडा, हळूहळू गळ्याच्या खालून जबड्यापर्यंत नेला, परत आणला, आडवा धरला. बायको डोळे मिटून पडून राहिली. पडून राहायला तिला येतच होतं.

"भिंत जराशी जाड आहे, शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी," बाई म्हणाली. "आणि इथे उजव्या बाजूला, नळीला फाटा फुटतो तिथे, छोटासा प्लाक आहे. घाबरू नका काकू, रक्त नीट वाहतंय. पण डॉक्टरांना दाखवा, ते गोळी देतील."

"मला वाटलंच होतं," मायक्रोमीटर स्टुलावरून म्हणाले. "घरभर सगळं जाड, ही नळी तरी कशी सुटेल." आणि स्वतःच्याच विनोदाला हसले. बाई हसली नाही. बायकोने कागदाने मान पुसली.

मग ते झोपले. बाईने सरळ नळीचा खालचा भाग घेतला, पडद्यावर भिंतीच्या दोन बारीक रेघा दिसल्या, मशीनने त्यांच्यातलं अंतर मोजलं. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"आकडा?"

"शून्य पूर्णांक बासष्ट. तुमच्या वयाला छान आहे. आता हनुवटी अजून वर, मी वरचा भाग..."

मायक्रोमीटर उठून बसले होते. "बासष्ट. ऐकलंस? तुझं एक्क्याऐंशी."

"सर, अजून झालं नाही. फाट्याचा भाग राहिलाय."

"बाई, मी आयुष्यभर जाडी मोजली आहे. दोन्ही बाजूंना माप घेतलं, दोन्हीकडे बसलं. आता उगीच मान मुरगळून घेत नाही मी." त्यांनी जेल पुसलं, कॉलर सरळ केली आणि गाडी काढायला खाली निघूनसुद्धा गेले.

बायको चष्मा शोधत मागे राहिली. बाई तिच्याजवळ आली. "काकू, त्यांना परत घेऊन या हं. जी मोजली ती सरळ नळीची भिंत. प्लाक बहुतेक तिथे नसतोच, तो फाट्यापाशी बसतो, तिथे रक्ताचा प्रवाह वळतो ना. खालची भिंत पातळ असूनही वर प्लाक असू शकतो. तुमचाही तिथेच सापडला. रिपोर्टवर मी अपूर्ण असं लिहितेय, पण ते वाचतील असं वाटत नाही. तुम्ही सांगा."

"सांगते," बायको म्हणाली. जिना उतरताना तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख आली. हे कसं सांगायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. जेवताना, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा तिने एकच व्याख्यान ऐकलं होतं. पाइप मधोमध कधी फुटत नाही, जोडापाशी फुटतो. सरळ भाग मोजून माल पास करणाऱ्या पोराला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर रडवलं होतं. 'अहो, जोड तपासायचा राहिलाय,' एवढं म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे गाडी वळवली असती.

गाडीत बसताच ते म्हणाले, "एक्क्याऐंशी. आत कचरा साठवून बसलीस." सिग्नलला त्यांनी मुलीला फोन लावला, स्पीकरवर. "तुझ्या आईची भिंत जाड निघाली. माझी अगदी कोवळ्या पोरासारखी." सांगू घरी गेल्यावर, बायकोने ठरवलं.

घरी गेल्यावर शेजारचे आले. त्यांनाही आकडे ऐकवले. मग मायक्रोमीटरने तिला नावच ठेवलं, जाड भिंत. जाड भिंत, चहा आण. जाड भिंत, पंखा बंद कर. पाहुणे आधी ओशाळून हसायचे, मग सवयीने हसायला लागले. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी टोमॅटोवरून बोलणी बसली आणि ते राहिलं. पुढे उद्या सांगू असंही तिने म्हणणं सोडून दिलं.

ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी लिहून दिली आणि विचारलं, "साहेब कुठे? त्यांची तपासणी अर्धवट आहे. पाठवा त्यांना."

"सांगते," ती पुन्हा म्हणाली.

रोज जेवणानंतर ती त्यांच्यासमोर गोळी घ्यायची. ते बघायचे आणि म्हणायचे, "घे बाई, घे. आम्हाला देवाने पातळ दिलंय." ती पाण्याचा पेला खाली ठेवायची आणि त्यांच्या मानेकडे बघायची. जबड्याखाली, डाव्या बाजूला, कातडी जराशी उडताना दिसायची. तिथे काही आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसं वाटत नव्हतं, आणि तसं वाटत नाही याचं तिला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत तिच्याजवळ असं काही नव्हतं जे त्यांना मोजता येणार नाही. आता होतं.

दिवाणखान्यातला पडदा वाकडा टांगलाय म्हणून ते एका सकाळी स्टुलावर चढले होते. हातातली टेप सुटली. ती सुर्रकन आत गुंडाळली गेली आणि खाली पडली. ते टेपकडे बघत राहिले. उजवा हात लोंबत होता. बायको स्वयंपाकघरातून आली तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि त्यातून शब्दांऐवजी नुसता आवाज येत होता. तिने त्यांना धरून खाली बसवलं आणि अँब्युलन्सला फोन केला. वेळ अजिबात दवडला नाही. ते तिने नीट केलं, सगळं नीटच करायची ती.

वॉर्डात तीच रेडिओलॉजिस्ट बाई मशीन ढकलत आली. या वेळी मायक्रोमीटरने मान मुरगळू दिली, कारण ती दुसरं कोणीतरी धरून होतं. मुलगी पायथ्याशी रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी उभी होती. प्रोब डाव्या जबड्याखाली गेला आणि थांबला.

"हा बघा," बाई म्हणाली. "फाट्यापाशी मोठा प्लाक आहे. काळपट दिसतोय म्हणजे मऊ आहे, आणि वरून फाटलाय. बहुधा इथूनच तुकडा सुटून मेंदूत गेला." तिने खालच्या सरळ नळीवर प्रोब नेला. तिथली भिंत तशीच पातळ होती, सुरेख. बाईने आकडा वाचून दाखवला नाही.

मग ती बायकोकडे वळली. आवाज मऊच होता. "काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, त्यांना परत घेऊन या म्हणून?"

मुलीने मान वर केली. "म्हणजे हे आधीच दिसलं असतं?"

"कदाचित. गोळ्या सुरू झाल्या असत्या. झटका टळलाच असता असं मी म्हणणार नाही, पण धोका कमी झाला असता."

मायक्रोमीटर बघत होते. डॉक्टरांनी सकाळीच समजावलं होतं की यांना ऐकलेलं सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. बायकोने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली, काठ काठाला जुळवून.

"मी सांगितलं होतं यांना," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं. जोडापाशी बघायचं राहिलंय म्हटलं. यांनी कुणाचं कधी ऐकलंय?"

मुलीने उसासा टाकला आणि आईला जवळ घेतलं. तिला हे सहज पटलं, कारण बापाला ती ओळखून होती. बिछान्यावर मायक्रोमीटरचे डोळे मोठे झाले. जोड हा शब्द ऐकताच त्यांना सगळं एकदम कळलं असावं. डाव्या हाताने ते चादर ओढू लागले. नर्सने तो हात हलकेच धरून ठेवला.

दोन शब्द परत येतील, पाच येतील, असं स्पीच थेरपिस्ट म्हणाला होता. एकच आला. 'नाही.' भूक लागली तरी नाही, पाणी हवं तरी नाही. बाकी सगळं आतच राहिलं. आता ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि पडदा वाकडा असतो.

भेटायला लोक येतात. बायको चहा देते आणि विचारल्यावर सांगते, "मी यांना सांगितलं होतं हो. परत जाऊ, तपासणी पुरी करू म्हटलं."

"नाही," मायक्रोमीटर म्हणतात. "नाही. नाही. नाही." मान हलते, डोळ्यांतून पाणी येतं.

"बघा," लोक हसून म्हणतात, "अजून हट्ट जात नाही." आणि बायकोकडे बघून हळहळतात, काय सोसलं असेल या माउलीने.

लोक गेले की ती दार लावते. दोघांच्या गोळ्या काढते, आता एकाच डबीत असतात. आधी त्यांची भरवते, तोंड पुसते.

"नाही," ते म्हणतात.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणते. "नव्हतंच सांगितलं." मग स्वतःची गोळी तोंडात टाकते, पाणी पिते आणि टोमॅटो चिरायला बसते, जाड जाड.