नेफा एक सूत जास्त

हारुन मास्टरने रावेरात तीस वर्षं पँटी शिवल्या, आणि इलॅस्टिक ओवणं हे काही मास्टरचं काम नव्हे, असं तो तितकीच वर्षं सांगत आला. पुढे रेडीमेडवाल्यांनी पँटी पळवल्या. रुबाब राहिला, गिऱ्हाईक तेवढं गेलं.

पितांबर नानांचं काम त्याने हौसेने घेतलं. दिवाळीत झटका आल्यापासून नानांचा उजवा हात चालत नव्हता. पायजम्याची नाडी सून बेबाबाई बांधायची, सोडायची. तिला सारखी हाक मारायला नको म्हणून नाना पाणीच कमी पीत. "एका हातानं वर ओढता येईल असं काही शिव रे," ते म्हणाले, तेव्हा हारुनला गलबलून आलं.

गलबलला, पण अक्कल गहाणच होती. हाताला सवय नाडीची, म्हणून नेफा ठेवला ऐसपैस दोन इंच. त्यात ओवलं सगळ्यात मऊ, इंचभर रुंद इलॅस्टिक. बायको सितारा घरी सलवारी शिवते. नेफा बघून ती म्हणाली, "इतना चौडा?"

"मास्टर कौन है?" त्याने विचारलं.

उत्तर घेऊन चौथ्या दिवशी बेबाबाई आली. "मास्टर, त्या इलॅस्टिकचा तर आत गुंडाळून दोर झाला! नानांच्या पोटाले वळ उठले. आन् ते सरळ करायले पुन्हा मलेच बोलावतात."

तीस वर्षांचा रुबाब गिळून मास्टर सिताराच्या मशीनपाशी बसला. तिने जुनं इलॅस्टिक ताणून दाखवलं. ते निम्मं अरुंद झालं. मग घट्ट विणीचं ताणलं; रुंदी तशीच. पट्टी इंचाची, तर नेफा फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त. आत लोळायला जागाच उरत नाही. तिने पट्टीच्या एका बाजूला खडूची रेघ मारली, शेपूट पिनेने कापडाला अडकवलं आणि पुढच्या टोकाला सेफ्टीपिन लावून ओवून घेतलं. बाहेर आल्यावर दोन्ही टोकांची रेघ वरच होती, म्हणजे पीळ नाही. टोकं एकावर एक सपाट ठेवून शिवली, चुण्या सारख्या केल्या आणि पट्टी आत फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या शिवणीवर उभी टीप मारली. मास्टरने दोरा तोडला; तेवढं त्याला जमलं.

दुसऱ्या दिवशी हारुनने पायजमा नानांच्या घरी नेला आणि नाना तो घेऊन न्हाणीघरात गेले. आतून कडी लागली.

"नाना, कडी नका लावू!" बेबाबाई दचकून उठली.

"लावली," आतून आवाज आला.

बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि नाना बाहेर आले. पायजमा जागेवर, पट्टी कमरेला चापून सपाट. बेबाबाईने पदर डोळ्यांना लावला.

"मास्टर, तुझ्या हाताले तोड नाही," नाना म्हणाले.

हारुनची मान सवयीने डोलायला लागली. ती त्याने मोठ्या कष्टाने थांबवली.

"नाना, हे सितारानं शिवलंय," तो म्हणाला. "मी दोरा तोडला."