घुर्रर्र, मग खट्

सासूबाईंच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. मिक्सरला झालरीचं कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकची पिशवी. "सासरे असते तर त्यांनाही एक शिवलं असतंत," असं सून म्हणायची. त्यावर सासूबाई म्हणायच्या, "त्यांना होतंच की. माझा धाक."

सून मागच्या खोलीत केक करायची. आज संध्याकाळी एका लग्नाचा तीन मजली केक न्यायला माणसं येणार होती. एवढी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळालेली. क्रीमची फुलं निम्मी झाली होती आणि सोमवारपासून रुसलेला एसी आज तर दुपारीच हातपाय गाळून बसला होता. फुलांच्या पाकळ्या हळूहळू माना टाकायला लागल्या, तशी सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं एसीवाल्याला मेसेज टाकला, 'एसी बिघडलाय, लग्नाचा केक वितळतोय, लवकर या.'

उत्तर आलं, 'गच्चीवर कामात आहे, फोन घेता येत नाही. काय होतं ते नीट लिहा. गार होतो का, आवाज कसला, कधीपासून. त्याप्रमाणे सामान घेऊन निघतो. नाहीतर रिकाम्या हातानं येईन आणि केक उद्या खाल.'

"आगाऊ आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण बोलतोय बरोबर."

"गॅस संपलाय, असं लिहिते."

"तू त्याची डॉक्टरीण आहेस का? पोट कुठे दुखतंय ते सांगायचं, रोग त्याला ठरवू दे. लाव परत. मी ऐकते."

लिहिण्यावाचण्याशी सासूबाईंचं फारसं जमलं नव्हतं, पण कान असे, की शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी कितवी ते त्या इथून सांगत. स्टूल ओढून त्या गॅलरीच्या दाराशी बसल्या. आत सून, हातात फोन.

"लिही. सुरू केला की आधी छान गार वारा."

"लिहिलं."

"मग बाहेरचं मशीन घुर्रर्र करतं. चढावर लादलेला टेम्पो कसा कण्हतो, तसं. चढत जातं. मग खट्! आणि गप्प."

"टेम्पो कशाला लिहू, आई?"

"लिही गं! त्याला कळेल. आतला पंखा चालूच, पण वारा साधा, कोमट. थोड्या वेळानं बाहेरचं मशीन आपणहून परत सुरू. परत घुर्रर्र, परत खट्. पाणी गळत नाही, जळका वास नाही. जाळी मीच धुतलीय, स्वच्छ आहे."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. रविवारी ठणठणीत होतं. सोमवारी सकाळी मी त्याला झगा..."

सासूबाई मध्येच थांबल्या. सुनेचा अंगठाही थांबला.

झगा म्हणजे जुन्या सोफ्याच्या जाड कापडाचं कव्हर. बाहेरच्या मशीनवर धूळ बसते, कबुतरं घाण करतात, म्हणून सासूबाईंनी ते शिवलं होतं. चारी बाजूंनी बंद, पुढून नाड्या. शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवलंही होतं.

"हे... लिहू की नको?" सुनेनं हळूच विचारलं.

सासूबाईंच्या नाकावर कधी माशी बसली नव्हती. आता बसली. त्यांनी एकदा त्या वाकलेल्या फुलांकडे पाहिलं.

"लिही. अर्धं दुखणं लपवून पूर्ण औषध मागायचं का? लिही, सोमवारी सासूनं मशीनला झगा घातला. आणि हेही लिही, की शिवण उत्तम आहे."

मेसेज गेला. या खेपेस उत्तर पटकन आलं.

'मावशी, मशीन घरातली उष्णता बाहेर फेकतं. झग्यात ती कोंडते, मशीन तापतं आणि जळू नये म्हणून आपोआप बंद पडतं. निवलं की परत सुरू. स्विच बंद करा, झगा काढा, अर्ध्या तासानं लावा. तरीही खट् झालं तर लगेच निघतो.'

सुनेनं स्विच बंद केला. सासूबाईंनी स्वतः नाड्या सोडल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तोवर सुनेनं केक जमेल तसा फ्रिजमध्ये कोंबला. अर्धा तास दोघी घड्याळाकडे अशा बघत होत्या, जणू एसी तेच सुरू करणार आहे.

मग एसी लागला. गार वारा आला. बाहेर घुर्रर्र नाही, नुसतं गुणगुणणं. दोघी खट् व्हायची वाट बघत राहिल्या. ते झालंच नाही. सुनेनं केक बाहेर काढला आणि माना टाकलेली फुलं खरवडून पुन्हा नवी काढायला घेतली.

"म्हणजे आई, रोग तुमचाच निघाला की!"

"आणि सापडला कुणाच्या कानामुळे? तू तर गॅस भरून बसली असतीस."

केक वेळेवर, ताठ मानेनं दाराबाहेर पडला. सुनेनं एसीवाल्याला आभार लिहिले. त्याचं उत्तर तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, 'मावशी, इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही. शिवण खरंच उत्तम असेल, तर माझ्या स्कूटरला शिवाल का?'

सासूबाईंनी झगा झटकला, उलटसुलट करून पाहिला.

"विचार त्याला, माप काय. आणि सांग, गाडी चालू करताना काढायचा असतो."