उपाशीपोटी

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या हाडांच्या गोळ्या आत्याच्या मुलाने, अजेयने, दुबईहून आणल्या. पट्टीवरचं आणि खोक्यावरचं इंग्रजी कळेना, म्हणून नागावच्या पद्माआत्याने फोटो मला ऑफिसात पाठवले. मी फोनवर बजावलं, “आत्या, आठवड्यातून एकच गोळी. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.”

आज तिचा फोन आला. छातीत जळजळ थांबत नव्हती.

“गोळी कधी घेतलीस?”

“सोमवारी. माझा उपास असतो ना!”

“पाण्याबरोबरच ना?”

“पाण्याबरोबरच. साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दूध प्यायले, मग गोळी घेतली. अर्धा तास आधीच झोपून घेतलं होतं, पण पुन्हा डोळा लागला.”

“अगं, खाऊन घेतलीस?”

“खाऊन कुठे? सगळं उपासाचंच होतं!”

“आत्या, उपाशीपोटी म्हणजे सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी! पोटात काही नको, दूधसुद्धा नको! आता डॉक्टर सांगेपर्यंत पुढची घेऊ नकोस. मी निघालेय, आजच दाखवून येऊ.”

ती फणकारली, “हे आधीच मराठीत सांगायचंस ना!”